ठरल्यापेक्षा जादा काम मागणाऱ्या ग्राहकाला उत्तर कसं द्यावं

ठोक रकमेत वेबसाइट करून देणाऱ्या प्रत्येकाला हा निरोप पाठ असतो. काम निम्म्यावर आलेलं असतं, पहिला हप्ता जमा झालेला असतो आणि रात्री नऊनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, "एक छोटंसं राहिलं, तेवढं टाकून द्या." आपण ते टाकतो. चार दिवसांनी दुसरं येतं, मग तिसरं. काम संपायच्या तारखेला हिशेब करावा तर रक्कम तीच असते आणि तास दीडपट झालेले असतात.

यात ग्राहक बहुतेक वेळा फसवायला निघालेला नसतो. साइट डोळ्यांसमोर आकार घेऊ लागली की त्याला नवीन गोष्टी सुचतात, आणि त्यातल्या कित्येक त्याच्या धंद्याच्या खरोखर फायद्याच्या असतात. त्या गोष्टीला किती वेळ लागतो, एवढंच त्याला ठाऊक नसतं. आपण आकडा सांगितला नाही तर तो शून्य धरतो. म्हणून उत्तर द्यायचं ते कामाला हात लावण्याआधी, लेखी, आणि त्यात पैसे व तारीख या दोन्ही गोष्टी घालून. नकार द्यायची वेळ फार क्वचित येते.

हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण अशा आकाराची कामं पुण्या-सांगलीकडे रोज होतात.

तासगावचे एक बेदाणा व्यापारी आहेत, त्यांना अण्णा म्हणू. त्यांच्याशी ठरलेलं काम असं: वर्डप्रेसवर मराठी वेबसाइट, सहा पानं, मालाची माहिती आणि चौकशीचा फॉर्म. मजकूर आणि फोटो अण्णा देणार. डिझाइनमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या. रक्कम ९०,००० रुपये, मुदत सहा आठवडे. हप्ते ३६,००० सुरुवातीला, ३६,००० डिझाइन मंजूर झाल्यावर आणि १८,००० काम पूर्ण झाल्यावर. आपला अंदाज होता १२० तासांचा.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अण्णांचे ओळीने चार निरोप येतात:

"फोन नंबर वर मोठा दिसू दे."
"फॉर्म भरला तर मला मेल आला नाही."
"इंग्लिशमधी पण साइट पाहिजे, एक्स्पोर्टवाले विचारतात."
"आणि लोकांना डायरेक्ट ऑर्डर करता आली पाहिजे, पेमेंटसकट."

## पहिली पायरी: मागणी कुठल्या जातीची आहे ते ओळखा

चारही निरोप एकाच सुरात आले असले तरी ती चार वेगळी कामं आहेत. सगळ्यांना "करतो" म्हणणं जितकं चूक, तितकंच सगळ्यांना "हे जादा आहे" म्हणणंही. दुसऱ्यात तर ग्राहकाचा विश्वास कायमचा जातो.

मेल न येणं ही आपली उणीव आहे. फॉर्म देऊ असं ठरलं, तर तो चाललाच पाहिजे. ते निमूटपणे आणि आधी दुरुस्त करायचं. फोन नंबर मोठा करणं हा डिझाइनमधला बदल आहे आणि तो ठरलेल्या दोन फेऱ्यांत बसतो. फेऱ्या शिल्लक असतील तर पैसे मागायचे नाहीत, फक्त "ही पहिल्या फेरीत धरली" असं सांगायचं. इंग्रजी साइट आणि ऑर्डर-पेमेंट या दोन गोष्टी मात्र उघड जादा आहेत.

अवघड जातात त्या मधल्या गोष्टी. समजा अण्णा म्हणाले, "फॉर्म भरला की मला व्हॉट्सअ‍ॅपवर पण कळलं पाहिजे." करारात नुसतं "चौकशीचा फॉर्म" असं लिहिलंय. आता हे आत की बाहेर? अशा वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. कोटेशन देताना दाखवलेल्या नमुना साइटवर हे होतं का? आणि तो शब्द वाचून साधारण माणसाने हे गृहीत धरलं असतं का? एकाचं जरी उत्तर "हो" आलं, तर ते आपल्याकडे घ्यावं. शब्द आपण लिहिले होते. ते मोघम राहिले असतील तर त्याचा फायदा ग्राहकाला मिळणं रास्त आहे, आणि प्रकरण वादापर्यंत गेलं तरी मोघम शब्दाचा अर्थ बहुधा तो लिहिणाऱ्याच्या विरोधात लावला जातो. दोन्हींची उत्तरं "नाही" असतील तर ते जादा.

## दुसरी पायरी: लगेच पोच द्या, होकार देऊ नका

निरोप आला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. तीन दिवस गप्प राहिलं की ग्राहक गप्पपणालाच होकार समजतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आपल्या बोलीतले काही शब्द इथे घात करतात. "बघतो", "होऊन जाईल", "करू की" हे आपण वेळ मारून न्यायला म्हणतो, समोरचा ते कबुली म्हणून ऐकतो. फोनवर तर ते पटकन तोंडातून जातात. म्हणून फोनवर एकच वाक्य ठेवावं: "अण्णा, ऐकलं. याला किती वेळ लागतो ते मोजून उद्या लिहून पाठवतो." मोजायला वेळ मागणं अण्णांना खटकत नाही. ते स्वतःही माल बघितल्याशिवाय भाव सांगत नाहीत.

त्या संध्याकाळचं उत्तर साधारण असं जाईल:

> अण्णा, चारही निरोप मिळाले. फॉर्मचा मेल येत नाही ती आमच्याकडची अडचण आहे, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करतो. फोन नंबर मोठा करतो, ते ठरलेल्या बदलांच्या पहिल्या फेरीत धरतो. इंग्रजी साइट आणि ऑनलाइन ऑर्डर या दोन गोष्टी आपल्या ठरलेल्या कामात नाहीत. दोन्ही करता येतील. त्याला किती खर्च आणि दिवस लागतील ते परवा सकाळपर्यंत लिहून पाठवतो. तोवर ठरलेलं काम चालूच आहे.

शेवटचं वाक्य विसरू नये. जादा कामाची बोलणी सुरू झाली की मूळ काम अडलं, अशी शंका ग्राहकाला येते आणि बोलण्यात कडवटपणा शिरतो.

## तिसरी पायरी: तास खरे मोजा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. अंदाजे आकडा फेकला तर दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. कमी सांगितला तर आपलं, जास्त सांगितला तर पटवून देता येत नाही.

अण्णांच्या मते इंग्रजी साइट म्हणजे मजकूर भाषांतर करून चिकटवणं. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. आधी वर्डप्रेसमध्ये दोन भाषांची सोय करणारं प्लगइन बसवून त्याची जुळणी करायची, ३ तास. मेनू, बटणं, फूटर, फॉर्ममधल्या सूचना, "आपली चौकशी मिळाली" असा जाणारा मेल हे सगळं दोन भाषांत करायचं, ४ तास. सहा पानं इंग्रजीत भरायची, प्रत्येकी दीड तास धरला तर ९ तास. फॉर्म दोन्ही भाषांत चालतो का, चौकशी कुठल्या भाषेतून आली ते कळतं का हे पाहायचं, २ तास. इंग्रजी मजकुराची लांबी वेगळी असते, त्यामुळे मराठीत नीट बसलेले चौकोन आणि बटणं मोडतात. ती सरळ करायची, ३ तास. शेवटी मोबाइलवर आणि संगणकावर दोन्ही भाषांची तपासणी, ३ तास. एकूण २४ तास, तेही अण्णा इंग्रजी मजकूर तयार करून देणार असं धरून.

आता दर. तो नव्याने ठरवू नये, मूळ करारातूनच काढावा. ९०,००० रुपये आणि १२० तास म्हणजे तासाला ७५० रुपये. २४ तासांचे १८,००० रुपये झाले. असा दर काढण्याचा मोठा फायदा म्हणजे ग्राहकाने जो भाव आधीच मान्य केलाय तोच पुढे चालू राहतो. "अडलंय म्हणून दर वाढवला" असं म्हणायला जागा उरत नाही.

ऑनलाइन ऑर्डरचं काम याहून बरंच मोठं आहे. पाव किलो, अर्धा किलो, किलो अशी वजनं आणि प्रतवारीनुसार भाव, पिनकोडप्रमाणे कुरिअरचा खर्च, ऑर्डरचे मेल, शिल्लक मालाचा हिशेब. शिवाय पेमेंट गेटवेचं खातं अण्णांच्या फर्मच्या नावाने काढावं लागतं. त्याला पॅन, बँक खातं आणि फर्मची कागदपत्रं लागतात. साइटवर अटी, गोपनीयता, परतावा आणि माल पोचवण्याचं धोरण अशी पानं असल्याशिवाय गेटवेवाले खातं सुरू करत नाहीत. त्या मंजुरीला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं. मोजून पाहिलं तर आपल्या बाजूचेच ५० तास होतात, म्हणजे ३७,५०० रुपये, आणि गेटवेची मंजुरी धरून निदान तीन आठवडे.

मोजताना फोन, बैठका आणि समजावून सांगण्याचा वेळही धरावा. जादा कामात तोच बुडतो, कारण त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

## चौथी पायरी: तीन वाटा लिहून द्या

नुसता आकडा पाठवला तर ग्राहकापुढे दोनच पर्याय उरतात, पैसे दे नाहीतर सोड. त्यातून घासाघीस सुरू होते. तीन वाटा दिल्या की त्याला आपल्या सोयीने निवडता येतं, आणि बोलणं "किती कमी कराल" यावरून "काय आधी करू" यावर येतं.

पहिली वाट, वाढीव पैसे आणि वाढीव मुदत घेऊन आत्ताच करणं. दुसरी, ठरलेल्या कामातलं तेवढ्याच तासांचं काही काढून त्याजागी हे घेणं. तिसरी, ठरलेली साइट वेळेत सुरू करून नवीन गोष्ट दुसऱ्या टप्प्यात वेगळ्या कराराने करणं. अण्णांना पाठवायचं पत्रक असं दिसेल:

> जादा कामाचं पत्रक क्र. १
>
> मूळ काम: मराठी वेबसाइट, सहा पानं, ठोक ९०,००० रुपये.
>
> मागणी अ: संपूर्ण साइट इंग्रजीतही.
> वेळ: २४ तास. रक्कम: १८,००० रुपये. मूळ मुदतीत वाढ: ६ कामाचे दिवस.
> यात नाही: इंग्रजी भाषांतर (मजकूर आपण द्याल), नवीन पानं.
>
> मागणी ब: ऑनलाइन ऑर्डर आणि पेमेंट.
> वेळ: ५० तास. रक्कम: ३७,५०० रुपये. मुदतीत वाढ: ३ आठवडे, त्यात गेटवेच्या मंजुरीला लागणारा वेळ आमच्या हातात नाही.
>
> पर्याय १: दोन्ही आत्ताच.
> पर्याय २: मराठीतली 'आमचा प्रवास' आणि 'फोटो दालन' ही दोन पानं वगळून, त्यांचे वाचलेले १२ तास मागणी 'अ'मध्ये वळते करू. मग 'अ'चे फक्त ९,००० रुपये.
> पर्याय ३: 'अ' आत्ता, 'ब' साइट सुरू झाल्यावर दुसऱ्या टप्प्यात.
>
> आमचं मत: पर्याय ३. पहिल्या दोन महिन्यांत चौकश्या कुठून येतात ते दिसेल, मग ऑर्डरची सोय कशी करायची ते नीट ठरवता येईल.
>
> हे दर ७ दिवसांसाठी. आपली लेखी मान्यता आणि निम्मी रक्कम मिळाल्यावर जादा काम सुरू होईल. तोवर मूळ काम ठरल्याप्रमाणे चालू राहील.

यातल्या दोन ओळी हलक्यात घेऊ नयेत. "यात नाही" ही ओळ नसली की जादा कामावरच पुन्हा जादा काम चढतं. इंग्रजी साइट म्हटल्यावर भाषांतरही तुमचंच, असं गृहीत धरलं जातं. आणि मुदतीची ओळ नसली तर पैसे मिळतात, पण जुनीच तारीख मानेवर राहते आणि उशिराचं खापर आपल्यावर फुटतं.

"आमचं मत" लिहायला कचरू नये. अण्णांना वेबसाइट कळत नाही म्हणून तर ते आपल्याकडे आले. त्यांचे पैसे कुठे लागावेत आणि कुठे थांबावं हे सांगणं हाही आपल्या कामाचाच भाग आहे.

मान्यता लेखी घ्यावी, मग ती ईमेलवर असो की व्हॉट्सअ‍ॅपवर. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही बाजू राजी असतील तर करारात बदल करता येतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून अमान्य ठरत नाही. तरी "👍" वर भागवू नये. "पर्याय ३ मान्य" असे शब्द मागून घ्यावेत. अण्णा फोनवरच "चालतंय, करा" म्हणाले तर फोन ठेवल्यावर आपणच लिहावं, "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे पर्याय ३, म्हणजे इंग्रजी साइट १८,००० रुपयांत आणि ६ दिवस जास्त. बरोबर असेल तर 'मान्य' लिहून पाठवा."

## पाचवी पायरी: फुकट द्याल तेही लिहून द्या

प्रत्येक पंधरा मिनिटांच्या कामाचं पत्रक काढलं तर नातं टिकणार नाही. काही गोष्टी सोडून द्याव्याच लागतात, सोडाव्यातही. पण सोडलेली गोष्ट दिसली पाहिजे.

यासाठी साधी गूगल शीट पुरते. तारीख, मागणी, कोणी सांगितलं, प्रकार, तास, रक्कम, स्थिती असे सात रकाने. ती ग्राहकालाही बघता येईल अशी ठेवावी. अण्णांनी दुकानाचा जुना फोटो उजळून मागितला, अर्धा तास गेला. शीटमध्ये नोंद होते: "फोटो दुरुस्ती, जादा, ०.५ तास, ३७५ रुपये, सदिच्छा म्हणून आकारणी नाही." शेवटच्या बिलातही ही ओळ येते, समोर रक्कम ३७५, सूट ३७५, देय शून्य.

एकूण सवलतीची मर्यादा सुरुवातीलाच मनाशी ठरवावी. या आकाराच्या कामाला चार तास ठीक आहेत. ते संपले की पुढच्या छोट्या मागणीला सरळ सांगता येतं, "अण्णा, आजवरची चार तासांची छोटी कामं आमच्याकडून झाली, शीटमध्ये आहेत. आता येतील ती साठवून एकदम करू आणि तासाच्या दराने लावू." छोट्या मागण्या साठवल्या की त्यातल्या बऱ्याच ग्राहक स्वतःच रद्द करतो. तोपर्यंत त्यांची निकड उरलेली नसते.

## सहावी पायरी: समोरून येणारी वाक्यं

"एवढंच तर आहे, किती वेळ लागतो?" याला वाद घालू नये, यादी दाखवावी. तिसऱ्या पायरीत मोजलेले तास इथे कामाला येतात. "अण्णा, यातलं कुठलं काम नको ते सांगा, तेवढे तास कमी करतो" असं म्हटलं की बोलणं रकमेवरून कामावर येतं. रक्कम कमी करायची असेल तर काम कमी करूनच करावी. काम तेवढंच ठेवून दर उतरवला, तर आधीचा आकडा फुगवलेला होता असाच अर्थ निघतो.

"पुढची सगळी कामं तुम्हालाच देतो." हे बहुधा मनापासून म्हटलेलं असतं. उत्तर तेवढंच आपुलकीने द्यावं: "नक्की द्या. पुढचं काम येईल त्यात दहा टक्के कमी करतो, हे आत्ताच लिहून देतो." सवलत पुढच्या कामाला बांधली की आजचा हिशेब तसाच राहतो.

"हे आपलं आधीच बोलणं झालं होतं." इथे आवाज चढवायचा नाही आणि ग्राहकाला खोटं पाडायचं नाही. पहिल्या भेटीत बऱ्याच गोष्टींवर गप्पा होतात आणि दोघांच्या लक्षात वेगवेगळं राहतं. "बोलणं झालं असेल. ठरलं काय ते आपण दोघांनी मंजूर केलेल्या या कागदात आहे, त्यात ऑर्डरची सोय धरलेली नाही आणि रक्कमही त्याप्रमाणेच आहे." कागद पुढे करावा आणि थांबावं. मात्र बैठकीच्या आपल्याच टिपणात ती गोष्ट सापडली, तर मान्य करून ती ठरलेल्या कामात घ्यावी.

घरच्या धंद्यात आणखी एक अडचण हमखास येते. अण्णांनी मंजूर केलेला रंग त्यांच्या मुलाला आवडत नाही, आणि पुतण्या थेट आपल्याला फोन करून वेगळंच सांगतो. तिघांच्या सूचना पाळत बसलं तर तीच कामं फिरून करावी लागतात. एक नाव ठरवून घ्यावं: "दादा, तुमची सूचना चांगली आहे. अण्णांच्या नंबरवरून तेवढी येऊ दे, म्हणजे शीटमध्ये घेतो." दादाचाही मान राहतो आणि कामाला एकच मालक राहतो.

## आधीच बरंच फुकट करून झालं असेल तर

पुष्कळांना हे सगळं वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. तीन महिने मागण्या पुऱ्या करून झाल्या आणि आता रक्कम मागायची, तर तोंड कसं उघडावं?

मागच्या कामाचं बिल अचानक पाठवू नये. कायद्यात त्याला आधार नाही असं नाही. करार कायद्याचं कलम ७० म्हणतं की फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर त्याने भरपाई द्यायला हवी. पण तो कोर्टात सिद्ध करायचा मुद्दा आहे, आणि तीन महिने काही न बोलता केलेलं काम फुकट नव्हतं हे सिद्ध करणं सोपं नाही. ज्या कामांना ग्राहकाने "त्याचं बघू नंतर" किंवा "शेवटी हिशेब करू" असं लिहिलेलं असेल, तेवढीच वेगळी काढून मागावीत.

बाकीच्यासाठी एक रेष ओढावी. आजवर झालेल्या सगळ्या जादा कामांची यादी तारखेसह करावी, समोर तास लिहावेत आणि असं पत्र पाठवावं:

> अण्णा, ठरलेल्या कामाव्यतिरिक्त आजवर झालेल्या कामांची यादी सोबत आहे. ही ३१ तासांची कामं होतात. आधी बोललो नव्हतो म्हणून त्यांचे पैसे लावत नाही. आजपासून मात्र नवीन काही आलं की आधी खर्च आणि दिवस लिहून पाठवीन, आणि आपण 'मान्य' कळवल्यावरच सुरू करीन. ठरलेल्या कामातल्या या चार गोष्टी बाकी आहेत, त्या २० तारखेपर्यंत पूर्ण होतील.

शेवटचं वाक्य या पत्राचा कणा आहे. लांबलेल्या कामात नक्की उरलंय काय, हेच दोघांनाही धड माहीत नसतं. ती चार कामं नाव घेऊन लिहिली की कामाला शेवट दिसू लागतो. आणि पत्र पाठवल्यानंतर येणारी पहिली मागणी, ती कितीही लहान असो, पत्रक काढूनच करावी. तिथे पाघळलं तर पत्राला काही अर्थ उरत नाही.

## शेवटचा हप्ता अडवून ठेवला तर

"ते ऑर्डरचं करून द्या, मग राहिलेले १८,००० देतो" ही वेळ कधीतरी येतेच. तेव्हा रागाने साइट बंद करू नये. डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्या मालकीचं असेल तर त्याला हात लावणं आपल्याच अंगाशी येतं. त्याऐवजी ठरलेलं काम शंभर टक्के पूर्ण करावं, आणि काम पूर्ण झाल्याचं पत्र पाठवावं. करारातली एकेक बाब, समोर तिची लिंक, आणि "सात दिवसांत काही उणीव कळवल्यास दुरुस्त करू, अन्यथा काम स्वीकारलं असं धरू" ही ओळ. सोबत शेवटचं बिल. उणीव आणि जादा मागणी यांतला फरक पाचव्या पायरीतल्या शीटमध्ये दिसतोच, त्यामुळे इथे नव्याने वाद घालावा लागत नाही.

आपली उद्यम नोंदणी असेल तर हात बळकट होतात. ती मोफत असते आणि काम घेण्याआधीच झालेली बरी. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार सुलभता परिषदेकडे करता येते. शिवाय आयकरात, या मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. ही शेवटची गोष्ट अण्णांच्या सीएला चांगली ठाऊक असते. कित्येकदा सीएचा एक फोनच पुरतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापावा.

## पुढच्या कराराला जोडायचा मजकूर

वर सांगितलेलं सगळं दर वेळी नव्याने समजावावं लागू नये म्हणून कोटेशनच्या शेवटी हा भाग असावा. वकिली भाषा नको, अण्णांना एकदा वाचून कळली पाहिजे.

> १. या कामात वर लिहिलेल्या बाबी येतात. जे लिहिलेलं नाही ते जादा काम.
> २. यात नाही: मजकूर लेखन, भाषांतर, फोटो काढणं, ऑनलाइन विक्री, वार्षिक देखभाल.
> ३. जादा कामाचा दर ताशी ७५० रुपये. खर्च आणि मुदत आधी लेखी कळवू. मान्यता आणि निम्मी रक्कम मिळाल्यावर काम सुरू होईल.
> ४. सूचना एकाच व्यक्तीकडून घेऊ: (नाव, मोबाइल).
> ५. मजकूर किंवा मान्यता यायला जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस मुदत पुढे जाईल.
> ६. काम पूर्ण झाल्याचं कळवल्यापासून ७ दिवसांत उणीव न कळवल्यास काम स्वीकारलं असं धरू. त्यानंतर ३० दिवस उणिवांची दुरुस्ती मोफत.

दुसरा मुद्दा प्रत्येक ग्राहकाप्रमाणे बदलावा, बाकीचे तसेच ठेवले तरी चालतात. तो लिहिताना त्या धंद्यात पुढे काय सुचेल याचा विचार करावा. बेदाण्याच्या व्यापाऱ्याला ऑनलाइन विक्री सुचणार, डॉक्टरला अपॉइंटमेंटची सोय, क्लासवाल्याला फी भरण्याची. ते आधीच नाव घेऊन "यात नाही" मध्ये लिहिलं की ग्राहक पहिल्याच बैठकीत विचारतो, "मग ते करायला किती लागतील?" तो आकडा त्याच बैठकीत सांगून कागदावर दुसरा टप्पा म्हणून लिहून ठेवावा.